समाधान झाले नाही

आदेश दोन पानांचा होता. वरचं सगळं संदर्भ, कलमं आणि तारखा. कामाचं वाक्य शेवटी होतं: 'अर्जदार परवान्याच्या अटींचे पालन करील याबाबत समाधान झाले नाही. सबब, सार्वजनिक हिताचा विचार करता अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' खाली जिल्हाधिकाऱ्यांची सही.

डॅडींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद माझ्या हातात दिला.

"टिफनी, तू वाच. समाधान झालं नाय म्हंजे? कोनाचं?"

"कलेक्टरांचं."

"आनि ते कशानं होतं?"

मी सातिवलीत थिनर बनवणाऱ्या एका युनिटच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नमुना पास होतो किंवा नापास होतो, आणि नापास झाला तर का झाला ते आकड्यात लिहावं लागतं. समाधान नावाची चाचणी मी बी.एस्सी.ला शिकले नव्हते.

वसईजवळ राजोडीला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं रेस्टॉरंट आहे. आजीच्या नावाने, 'क्रिस्टीना'. मागे आमचं घर, पुढे रेस्टॉरंट, मध्ये चाफ्याचं झाड. मम्मीच्या हातचं सुरमईचं कालवण खाऊन लोक नावाजतात, पण शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी टोळकी दारातच विचारतात, "बिअर मिळेल?" आम्ही नाही म्हटलं की ती तशीच गाडीत बसतात आणि पुढच्या गावात ज्युडमामाच्या बारमध्ये जातात. ज्युडमामा म्हणजे मम्मीचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्याकडे परमिट रूमचा परवाना आहे. आमच्याकडे नाही. गेल्या पावसाळ्यात आमचा स्वयंपाकी सोडून गेला तेव्हा डॅडींनी ठरवलं की आता एक तर परवाना काढायचा, नाही तर रेस्टॉरंट बंद करून जागा कुणाला तरी भाड्याने द्यायची.

अर्ज मी भरला होता. खाद्यगृहाचा परवाना, बांधकामाची कागदपत्रं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, सगळं. चर्चच्या फाटकापासून, शाळेच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत माणूस ज्या वाटेने चालत येतो त्या वाटेने अंतर मोजायचं असतं. ते नियमापेक्षा पुष्कळ जास्त भरलं होतं. नाताळच्या आठवड्यात एक्साइजचे दुय्यम निरीक्षक भोईर येऊन जागेची पाहणी करून गेले. कागदपत्रं घरात होती म्हणून ते घरातही बसले, मम्मीने नाताळचं ताट पुढे केलं, ते हसत गेले. एकही अट अपुरी नव्हती. मग नकार कसा?

"कोनी तरी खोडा घातला," डॅडी म्हणाले. "कागद चांगले असताना नकार येतो, म्हंजे मागून कोन तरी बोललं."

मलाही तेच वाटलं. दिलेल्या सगळ्या गोष्टी बरोबर असतील आणि उत्तर चुकीचं येत असेल, तर न दिसणारी एखादी गोष्ट त्यात शिरलेली असते. ती शोधायची.

पहिला संशय शेजारच्या डेल्फिन आंटीवर गेला. पर्यटकांच्या गाड्या तिच्या अबोलीच्या वाफ्यात शिरतात म्हणून ती कायम चिडलेली. डॅडींनी कुंपणावरूनच विषय काढला.

"डेल्फिन, तू काय अर्ज-बिर्ज केला होतास का गं?"

"कसला अर्ज?"

"आमच्या परमिट रूमच्या विरोधात."

"मी कशाला अर्ज करू?" आंटी म्हणाली. "मला काय सांगायचं असलं तर मी तुझ्या तोंडावर सांगते की. सांगू? तुझा जनरेटर रातभर बोंबलतो, तुझा कुत्रा माझ्या कोंबड्यांच्या मागं लागतो, आनि तुझ्या बिअरवाल्यांनी उद्या माझ्या वाफ्यात मुतलं तर मी पानी नाय, उकळतं पानी ओतीन. अर्ज करायला मला टाइम नाय."

डॅडी आत आले. "ती नाय," ते म्हणाले. मलाही पटलं. इतकं सगळं तोंडावर बोलणारी बाई कागद कशाला खराब करेल?

ज्युडमामाचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नाही, पण ते घरात फिरत होतं. पाहणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा केक घेऊन आला होता आणि त्याने विचारलं होतं, "काय काय विचारलं साहेबानं? किती वेळ बसला?" तेव्हा आम्हाला ती आपुलकी वाटली. आता ती चौकशी वाटू लागली. आम्हाला परवाना मिळाला तर नुकसान कोणाचं? त्याचंच. एक्साइजच्या ऑफिसात नेहमीची ये-जा कोणाची? त्याचीच. एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसत होती. इतकी नीट बसत होती की मला भीती वाटायला हवी होती. प्रयोगात सगळे बिंदू एका रेषेवर आले तर आम्ही आधी विचारतो, हे कुणी मागाहून तर मांडले नाहीत ना? घरात मी ते विचारलं नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली. सगळे आजूबाजूला वळून हात जोडत होते. मामा पुढच्या बाकावरून वळला, मम्मीला हात जोडले, मला डोळा मिचकावला आणि डॅडींकडे पाहिलं. डॅडी वर वेदीकडे बघत उभे राहिले. मामाचे जोडलेले हात तसेच राहिले आणि मग हळूच खाली गेले. मम्मीने डॅडींच्या कोपराला ढोसलं. ते हलले नाहीत.

बाहेर आल्यावर ती फणकारली, "देवाच्या घरात तरी नाटकं नको होती."

"नाटकं मी नाय करत, सालोमी. तुझा भाऊ करतो."

"काय केलं त्यानं?"

"तेच शोधतोय."

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही वसईला कोर्टाजवळ वकील जागृती म्हात्रेंकडे गेलो. त्यांनी आदेश वाचला. डॅडींनी अर्जासोबत जोडायला जे निवेदन लिहून घेतलं होतं, तेही वाचलं. त्यात एक वाक्य होतं: 'व्यवसाय करणे हा माझा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.' त्यावर त्यांनी पेन टेकवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. "एकोणिसावं कलम."

"बेकरी काढत असता तर बरोबर होतं. बेकरीला परवानगी नाकारायची तर सरकारला दाखवावं लागतं की अमुक कारणामुळे बंधन घालणं वाजवी आहे. दारूचं तसं नाही. दारूचा धंदा करायचा मूलभूत हक्क कुणालाच नाही. सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. हा धंदा करायचा खास अधिकार मुळात सरकारचा. सरकार तो फी घेऊन, अटी घालून, ठरावीक मुदतीसाठी तुम्हाला वापरायला देतं. आणि उद्या म्हणालं की राज्यात दारूच विकायची नाही, तर तेही करू शकतं."

"पन मी सगळ्या अटी पूर्ण केल्यात," डॅडी म्हणाले.

"अटी पूर्ण केल्या म्हणून तुमचा अर्ज विचारात घेतला. अटी पूर्ण नसत्या तर विचारातसुद्धा घेतला नसता. त्यांना द्यावाच लागेल असं कुठे लिहिलंय?"

डॅडींचा चेहरा पडला. मी विचारलं, "मग काहीही कारण चालतं का? पुरावा नको?"

"काहीही नाही चालत. शेजाऱ्याला दिला आणि तुम्हाला तुमचा धर्म बघून नाकारला, असं नाही करता येत. मनमानी तिथेही चालत नाही, कारण लागतंच. पण कारण म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. वाजवी शंका पुरते. तू काय करतेस?"

मी सांगितलं.

"थिनर? मग तुमच्याकडे स्पिरिटचे ड्रम असतील."

"आहेत. विकृत स्पिरिट, पिण्यालायक न ठेवलेलं. त्याचा परवानाही एक्साइजचाच."

"उद्या कुणी अर्ज केला आणि साहेबाला वाटलं की हा माणूस निष्काळजी आहे, ड्रमशेजारी विडी ओढेल. अजून ओढलेली नाही. तर त्याला परवाना द्यायचा आणि आग लागेपर्यंत थांबायचं?"

हे मला माझ्या कामातून कळत होतं. चुका दोन तऱ्हेच्या असतात. चांगल्या माणसाला नाकारलं, तर त्या एकट्याचं नुकसान होतं. वाईट माणसाला दिलं, तर जे त्या अर्जात कुठेच नव्हते अशा लोकांचं होतं: शेजारचा गाळा, रस्त्यावरचा माणूस, कुणाच्या तरी घरातली बाई. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसेल, तर काटा मध्ये ठेवून चालत नाही. बंदुकीलाही हेच, फटाक्यांच्या गोदामालाही हेच. कागदावर मला ते मान्य होतं. फक्त या वेळी नाकारलेला चांगला माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"अपील करता येतं," म्हात्रे मॅडम म्हणाल्या. "मुंबईला, एक्साइजच्या आयुक्तांकडे. हक्क डावलला म्हणून नाही, तर समाधान का झालं नाही ते आम्हाला सांगितलंच नाही म्हणून. आधी ऑफिसात जा, पाहणीच्या अहवालात काय आलं ते विचारा."

"आनि ज्याच्याकडे आधीच परवाना आहे त्याचं?" डॅडींनी एकदम विचारलं. "त्याचा काढून घेता येतो?"

"येतो. अटी मोडल्या तर निलंबित होतो, रद्दही होतो. त्याला आधी कारणे दाखवा नोटीस मिळते, त्याचं ऐकून घेतात. नव्या अर्जदारापेक्षा त्याची बाजू थोडी बरी. पण तोही दर मार्चअखेर नूतनीकरणाच्या रांगेतच असतो. मालकीचं कुणाचंच नसतं."

डॅडींनी मान हलवली. मला वाटलं, त्यांना विषय समजला. त्यांना तो माझ्यापेक्षा जास्त समजला होता, हे मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही भोईरसाहेबांना भेटायला गेलो. तरुण माणूस, टेबल नीटनेटकं. डॅडींनी प्रस्तावना केली नाही.

"साहेब, एवढंच सांगा. तक्रार कोनी केली?"

"कसली तक्रार?"

"माझ्या विरोधात. कोन बोललं? नाव नका सांगू, पाहुन्यातला का बाहेरचा एवढं सांगा."

"तुमच्या विरोधात एकही तक्रार नाही, मिस्टर कॉन्रॅड. तोंडी नाही, लेखी नाही."

"मग?"

भोईरांनी माझ्याकडे पाहिलं, मग डॅडींकडे. "मी पाहणीला आलो होतो त्या दिवशी तुमच्या मिसेसनी ताट आणलं. करंज्या, केक, आणि एक ग्लास."

डॅडींना अजून कळलं नव्हतं. मला कळलं.

"मी म्हटलं, ड्युटीवर आहे. त्या म्हणाल्या, 'घ्या साहेब, बाहेरची नाही, मी स्वतः केलीय. काळ्या द्राक्षांची. तिकडे दोन बरण्या भरल्यात, घरी जाताना बाटली देते.' मी ग्लासला हात लावला नाही. पण परवान्याच्या पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला अर्जदाराच्या घरात विनापरवाना गाळलेलं मद्य देऊ करण्यात आलं, हे मी अहवालात लिहिलं. लिहिणं भाग होतं."

"गाळलेलं नाही," मी म्हटलं. "आंबवलेलं. गाळणं वेगळं."

"बरोबर, आंबवलेलं. कायद्याला दोन्ही मद्यच."

"पण तुम्ही नमुना घेतला नाहीत. पंचनामा नाही, रासायनिक तपासणी नाही. ते द्राक्षाचं सरबतसुद्धा असू शकतं. कशावरून वाईन?"

"गुन्हा दाखल करायचा असता तर ते सगळं केलं असतं. पंच बोलावले असते, बरण्या सील केल्या असत्या, आणि नाताळच्या आठवड्यात तुमच्या आईला आरोपी केलं असतं. ते व्हायला हवं होतं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"एका घरच्या बरणीसाठी मी ते केलं नाही. त्यावरून मला कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. पण खोटा अहवाल द्यायचा नव्हता. शिक्षेला पुरावा लागतो. परवाना द्यायला विश्वास लागतो. ज्याला घरातलं मद्य मोजायचंच आहे हे माहीत नाही, तो काउंटरमागचं मोजेल का, एवढाच प्रश्न वरच्यांना पडला असणार."

डॅडी उठले, "थँक यू साहेब," म्हणाले आणि बाहेर आले. स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

मला उलट हलकं वाटत होतं. "डॅडी, म्हणजे मामाने काही केलं नाही. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊ या. त्या दिवशी चर्चमध्ये..."

"टिफनी, मी त्याच्या नावानं अर्ज टाकलाय."

"कोणाच्या?"

"ज्युडच्या. त्या दिवशी वकिलीनबाई बोलली ना, असलेला पन काढता येतो. मी दुसऱ्याच दिवशी येऊन दिला. गिऱ्हाइकाला एक दिवसाचा पिन्याचा परमिट फाडून द्यायला पायजे, तो कधी देत नाय. मला माहीत आहे ना, मी कितीदा तिथं बसलोय."

दारू पिणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो, आणि नसेल तर बारने एक दिवसाचा द्यावा, असा नियम आहे. आमच्या भागात तो किती बार पाळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॅडींनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

आम्ही परत आत गेलो. भोईर जेवणाचा डबा उघडत होते, तो त्यांनी बंद केला.

"साहेब, तो गेल्या आठवड्यातला माझा अर्ज. तो मला मागं घ्यायचाय."

"का? खोटा होता?"

"खोटा नव्हता, पन..." डॅडी अडखळले. "माझा गैरसमज झाला होता."

"गैरसमज परमिटबद्दल का माणसाबद्दल?"

"मानसाबद्दल."

"मग परमिटबद्दलचं खरंच आहे." भोईर आवाज न चढवता बोलत होते. "तुम्ही अर्ज मागे घ्या, मी तसं नोंदवतो. पण मला जे कळलं ते परत न कळल्यासारखं करता येत नाही. पथक कालच जाऊन आलं. बारमध्ये बसलेल्यांपैकी एकाकडेही परमिट नव्हता. आता नोटीस निघेल. त्यांचं म्हणणं ऐकून घेतील. पहिलीच वेळ आहे, दंड होईल, कदाचित काही दिवस निलंबन. पुढच्या नूतनीकरणाला मात्र हे फाइलमध्ये असणार."

"माझ्यामुळं."

"नियम मोडल्यामुळे," भोईर म्हणाले आणि डबा पुन्हा उघडला.

घरी मम्मी मासे साफ करत होती. मी तिला ग्लासाचं सांगितलं. तिने हातातला सुरा खाली ठेवला.

"दारू? मी त्याला दारू कुठं दिली? वाईन दिली!"

"मम्मी, कायद्यात..."

"दारू ती, जी पिऊन मानूस गटारात पडतो. ही वाईन आहे. नाताळला आलेल्या मानसाला दिली नाय तर लोक काय म्हनतील? फादर पन देतात मिस्सात!"

"फादरांच्या वाईनलासुद्धा परवानगी लागते," मी म्हटलं. "आणि तुझ्या बरणीत अल्कोहोल बिअरपेक्षा दुप्पट आहे. मीच एकदा मोजलं होतं."

"तू मोजलंस?" ती माझ्यावरच उलटली. "मग तेव्हा नाय बोललीस?"

ते खरं होतं. मला आकडा माहीत होता, कायद्यातला शब्द माहीत होता, आणि आमच्या घरात 'वाईन' आणि 'दारू' हे दोन वेगळे पदार्थ आहेत हेही माहीत होतं. ताट बाहेर गेलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच उभी होते. मला काही खटकलं नव्हतं. पाहुणा आला, ग्लास गेला.

मग डॅडींनी तिला दुसरी गोष्ट सांगितली. ती ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही जाऊन सांगा. त्याला दुसरीकडून कळायच्या आत."

संध्याकाळी आम्ही दोघं मामाच्या बारमध्ये गेलो. एरवी त्या वेळी आत गजबज असते. आज तिघंचौघं बसले होते आणि सगळे हळू बोलत होते. काउंटरवर नवं कोरं पुस्तक होतं, पावतीपुस्तकासारखं. मामा त्यात लिहीत होता. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"या भाऊजी! राग गेला वाटतं? बस टिफनी. तुला कोकम देतो, त्याला परमिट लागत नाय अजून."

"ज्युड..."

"ऐकलं ना? काल आले होते. सहा जन, युनिफॉर्ममध्ये. गिऱ्हाइकांना उठवून विचारलं, परमिट दाखवा. तो बँकेतला मॅनेजर, बिचारा पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवत होता." तो हसला, पण हसू लगेच विझलं. "इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी रातभर विचार करतोय, कोन असेल. मला तो वेटर वाटतो, मी काढून टाकलेला. नाय तर समोरचा वडापाववाला, त्याला माझ्या गाड्यांचा त्रास होतो. आज दुपारी त्याच्याशी भांडून पन आलो."

डॅडी उभेच होते. समोरच्या वडापाववाल्याचा गाडा अर्धवट झाकलेला दारातून दिसत होता.

"तो नाय," डॅडी म्हणाले. "वेटर पन नाय. तक्रार मी केली."

मामाला वाटलं, थट्टा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"माझा परवाना नाकारला. मला वाटलं, तू मागून बोललास. म्हनून मी जाऊन दिली. आज कळलं, कोनीच बोललं नव्हतं. सालोमीनं साहेबाला वाईन दिली होती, त्यानं ती लिहिली."

मामाने पेनला टोपण लावलं.

"मी त्या दिवशी केक घेऊन आलो होतो," तो म्हणाला, "तेव्हा विचारलं ना, साहेबानं काय विचारलं म्हनून? मला भीती होती तुम्ही काय तरी बोलून बसाल. तुम्हाला वाटतं माझ्याकडं परवाना आहे म्हंजे माझं बरं आहे. भाऊजी, ही भाड्याची जागा पन नाय. भाडेकरूला काढायला निदान कोर्टात तरी जावं लागतं. मी दर मार्चला फी भरतो आनि नवा कागद हातात येईपर्यंत जेवन गोड लागत नाय. आत कोन भांडलं तर मला भीती, बाहेर कोन पडला तर मला भीती. वर्षभर मी असा वागतो की कोनाला माझं नाव आठवायला नको. ते तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत."

"मी नोटिशीच्या वेळी येतो. साहेबांना सांगतो, माझ्या मनात काय होतं ते."

"नका येऊ. तक्रारदार मेव्हना, आरोपी मेव्हना, दोघं हातात हात घालून आले तर त्यांना अजून संशय येईल, काय शिजवलंय यांनी."

"मग काय करू?"

"समोर जा. त्या वडापाववाल्याला सांगा की ज्युडचं चुकलं. मी आता त्याच्या तोंडाकडं बघू नाय शकत."

डॅडींनी मान डोलावली, पण पाय हलले नाहीत. ते काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर बसले. ते नेहमी तिथेच बसायचे. मामाने सवयीने मागच्या फळीवरची बाटली काढली, ग्लास ठेवला, आणि ओतायच्या आधी थांबला. नवं पुस्तक पुढे ओढलं. पेनचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव?"

"ज्युड, काय चाललंय?"

"पूर्ण नाव सांगा. परमिटवर लागतं."

डॅडींनी नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मामाने सगळं ठळक अक्षरात लिहिलं, जणू काही प्रथमच ऐकतोय.

"वय?"

"तुला माहीत नाय?"

"मला माहीत असून चालत नाय," मामा म्हणाला. "तुम्ही सांगायला पायजे. ओळखपत्र आनलंय का?"

डॅडींनी पाकीट काढलं आणि लायसन्स काउंटरवर ठेवलं. मामाने ते उचललं, फोटो बघितला, मग डॅडींचा चेहरा बघितला, मग परत फोटो. तो चिडलेला दिसत नव्हता. तो खरोखर पडताळून बघत होता.